आईच्या साडीच्या कुर्त्यावर साडेतीन इंच सरकलेली नक्षी: तक्रार

व्यवस्थापकांस,

विषय: जुन्या इकत साडीतून शिवलेल्या कुर्त्याची बिघडलेली नक्षी, अर्धा कापलेला जरीकाठ आणि परत न आलेलं कापड.

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवेतल्या बाईंशी चौथ्यांदा बोलणं झालं. पाचव्यांदा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. जुन्या साड्यांतून नवे कपडे शिवणं हाच तुमचा धंदा आहे, त्यामुळे इकत म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही असं मी धरून चालते.

साडी माझ्या आईची, पोचमपल्लीची रेशमी इकत. तिच्यातून मुलीच्या साखरपुड्यासाठी कुर्ता शिवायचा होता. तुमच्या फॉर्मवर काठासाठी ‘लहान, मध्यम, मोठा’ एवढेच पर्याय आहेत. मी फोन करून विचारलं, तेव्हा तुमच्याच माणसाने सांगितलं की सविस्तर वर्णन मेलने पाठवा, बेतणारा ते समोर ठेवूनच कापड कापतो. म्हणून म्हापशातल्या घराच्या पडवीत सतरंजीवर साडी पसरून अख्खी दुपार मी टेप घेऊन बसले.

तुम्हाला काय लिहून पाठवलं होतं ते पुन्हा सांगते, कारण ते कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. साडीचा पन्हा ४६ इंच. खालचा जरीकाठ ६ इंच, वरचा २ इंच, मधे ३८ इंच इकत. इकतवर शंकरपाळीच्या आकाराची नक्षी, प्रत्येक शंकरपाळीच्या मधोमध एक पिवळा ठिपका. शंकरपाळीची कड मी मोजली नाही. इकतमध्ये सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात, त्यामुळे रंगाची कड पिसासारखी फुटते आणि टेप नेमकी कुठे लावायची ते कळत नाही. ठिपका मात्र ठळक असतो. हातमागावर दोन फुलांमधलं अंतर थोडं मागेपुढे होतं हे माहीत असल्याने एकच अंतर न मोजता सलग पाच अंतरं मोजली. ३५ इंच भरली, म्हणजे ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरासरी ७ इंच.

पुढच्या भागासाठी शिवणीसकट २२ इंच रुंद कापड घ्या आणि शंकरपाळ्यांची एक उभी ओळ बरोबर गळ्याच्या मध्यावर आणा, असं मी लिहिलं होतं. मग बाकीच्या दोन ओळी मध्यापासून सात-सात इंचांवर, कुशीकडे जातात. छातीचे दोन उंचवटे मध्यापासून साधारण साडेतीन इंचांवर येतात, म्हणजे दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत. एवढ्यासाठीच तर मध्य धरायचा असतो. सोबत कागदावर चित्र काढून, मध्यरेषेवर लाल खूण करून त्याचा फोटोही जोडला होता.

कुर्ता आला तो बरोबर अर्ध्या अंतराने सरकलेला. मध्यावर मोकळी जागा, आणि साधारण पाच इंच रुंद दोन शंकरपाळ्या थेट छातीवर, पिवळे ठिपके नको तिथे. मुलीने कुर्ता घातला, आरशात पाहिलं आणि काही न बोलता ओढणी पुढे ओढून घेतली. साखरपुडा चार दिवसांवर होता, दुसरं काही शिवायला वेळ नव्हता. म्हार्दोळच्या हॉलमध्ये दिवसभर ती एका हाताने ओढणी धरून वावरली. एकही फोटो मोकळ्या हाताचा नाही.

आता त्या फोनबद्दल. तुमच्या बाई आधी म्हणाल्या, “मॅडम, डिझाइन तर पूर्ण आलंय, कुठेही तुटलेलं नाही.” मी म्हटलं, तुटल्याची तक्रारच नाही, सरकल्याची आहे. त्यांनी मला थांबायला सांगितलं. सात मिनिटं मी फोन कानाला धरून उभी होते. परत येऊन म्हणाल्या, “आमच्या टीमने चेक केलंय. इकतच्या कडा धूसरच असतात, त्यामुळे सेंटर परफेक्ट येत नाही. हे हातमागाचं वैशिष्ट्य आहे.” मी विचारलं, धूसर कड किती असते? त्या गप्प. मीच सांगितलं की ती धाग्याधाग्याने फुटते, फार तर काही मिलिमीटर, आणि माझी नक्षी सरकली आहे साडेतीन इंच. त्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, ज्यांना इकतची सवय नसते त्यांना सुरुवातीला असं वाटतं.”

ही साडी माझ्या आईने तीस वर्षं नेसली. दर वर्षी चतुर्थी झाली की मलमलमध्ये गुंडाळून ठेवायच्या आधी तिची घडी मीच बदलत आले, एकाच घडीवर जर तुटू नये म्हणून. आणि मला इकतची सवय नाही! विणकराच्या हातून राहिलेला बारीक फरक आणि तुमच्या बेतणाऱ्याने मध्य न मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली चूक विणकराच्या माथी मारताना तुमच्या कंपनीला लाज वाटायला हवी होती.

काठाचं त्याहून वाईट. ६ इंचाच्या काठात काय आहे तेही मी लिहिलं होतं. सगळ्यात खाली एक इंच सपाट जर, तिच्यावर चार इंच उंचीची मोरांची रांग, आणि वर एक इंच करवतीचे दात, जे इकतमध्ये शिरतात. कुर्त्याची उंची ४२ इंच. वरचा दोन इंची काठ काढला की पन्ह्यात ४४ इंच उरतात. खांद्याच्या शिवणीला एक इंच गेला, तरी खालचा काठ न कापता जागच्या जागी घेरावर येतो. दुमडायचीही गरज नाही, कारण ती साडीची मूळ किनार आहे. साडीवर हा काठ पन्ह्याच्या साधारण आठव्या हिश्शाचा दिसतो, कुर्त्यावर सातव्या हिश्शाचा दिसला असता. डोळ्याला तोल तोच राहिला असता. मात्र त्यासाठी कुर्ता सरळ कटाचा, बाजूला काप असलेला हवा. तेही मी लिहिलं होतं, ठळक अक्षरांत.

तुम्ही ए-लाइन शिवलात. ए-लाइनचा घेर खाली गोल होतो आणि विणलेला सरळ काठ गोलाईवर बसत नाही, त्याला चुण्या पडतात. पट्टी जितकी रुंद, तितक्या चुण्या जास्त. म्हणून तुमच्या माणसाने काठ साडीपासून वेगळा कापला आणि मधोमध चिरून तीन-तीन इंचांच्या दोन पट्ट्या केल्या. एक घेराला लावली, दुसरी बाह्यांना. मोरांचे पाय खाली घेरावर आहेत आणि माना मुलीच्या मनगटाजवळ. बाह्यांसाठी वरचा दोन इंची काठ घ्या असं स्पष्ट सांगितलेलं असताना तो काठ कुठे गेला? चिरलेल्या कडेवर मोरांची जर सुटी झाली आहे, एकदाच घातलेल्या कपड्याच्या बाहीतून तिचे धागे लोंबताहेत. बाजारातल्या आमच्या शिंप्याने तो कुर्ता उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं की हा काठ आता कोणालाही जोडता येणार नाही. जोडला तरी शिवणीत अर्धा इंच जाईल आणि मोर ठेंगणे होतील.

ओढणी तुमच्याकडचीच घेतली, बगरू छपाईची. कुर्त्यावर सात इंचांवर शंकरपाळी असल्याने ओढणीची बुट्टी नाजूक हवी, म्हणून लिहिलं होतं की बुट्टी एक इंचाची आणि दोन बुट्ट्यांमध्ये तीन इंच मोकळी जागा. फक्त ठशाचं माप देऊन भागत नाही, एका ठशात चार बुट्ट्याही कोरलेल्या असतात, म्हणून बुट्टी आणि मोकळी जागा दोन्ही वेगवेगळी दिली. आणि बुट्टी गोल हवी, कारण ओढणी खांद्यावरून मागे गेली की दिशा असलेली नक्षी उलटी होते. तुमच्या यादीत ‘लहान बुट्टी’ असा शेरा आहे. आली ती चार इंच उंचीची, देठ-पानांसकट उभी रोपं. पुढे सरळ, पाठीवर डोकं खाली. मुलीला कुर्ता झाकायला हीच ओढणी पुढे घ्यावी लागली, म्हणजे शंकरपाळ्यांवर चार इंची रोपं. ‘लहान’ म्हणजे किती हे ज्याला त्याला वेगळं वाटतं, म्हणूनच तर मी आकडे दिले होते.

आणि कापड. साडी साडेपाच मीटर. पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन बाह्या सरळ कटात दोन मीटरच्या आसपास होतात. ए-लाइनला थोडं जास्त लागलं असं धरलं तरी तीन मीटर उरायला हवं होतं. मला परत आलं एक मीटर, तेही पदराशिवाय. विचारलं तर उत्तर मिळालं, “कटिंग वेस्टेज.” पदर कटिंगमध्ये वाया जात नाही. माझ्या आईच्या साडीचा पदर कुठे आहे ते मला लेखी हवं आहे.

तुमचं नाव मला माझ्या नणंदेने सांगितलं. तिच्या लग्नातल्या शालूचा तुम्ही शिवलेला घागरा मी स्वतः पाहिला होता. काठ घेरावर एकसारखा, एकही फूल शिवणीत गेलेलं नव्हतं. तो पाहूनच मी आईची साडी कुरियरने पाठवली, नाहीतर ती घराबाहेर गेली नसती. तेव्हा तुमच्याकडे मोजून कापणारा कोणीतरी होता. आता नसेल, तर तसं सांगून साडी परत पाठवायची होती.

माझी मागणी अशी. उरलेलं सगळं कापड, पदरासकट, आठ दिवसांत परत पाठवा. त्यात खालचा सहा इंची काठ सलग अडीच फूट जरी शाबूत असेल, तरी कुर्त्याचा नवा पुढचा भाग निघतो. तो मी इथे आमच्या शिंप्याकडून शिवून घेईन, तुमच्याकडून नाही. त्याची मजुरी, तुमची पूर्ण शिलाई आणि ओढणीची किंमत मला परत हवी. कूपन नको. कालच्या फोनवर पंधरा टक्के सवलत देऊ केलीत, ती पुन्हा देऊ नका.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते, तुमचं कार्यालय कुठल्याही राज्यात असो. माझी मेल, मध्यरेषेच्या लाल खुणेचा फोटो, कुर्त्यावर टेप धरून काढलेले फोटो आणि चारही फोनच्या तारखा-वेळा तयार ठेवल्या आहेत. कुर्ता घडी न घालता हँगरवर टांगून ठेवला आहे. तुमचा माणूस पाठवायचा असेल तर पाठवा, येताना टेप घेऊन येऊ दे.

एक ग्राहक, म्हापसा