पावणेदोनशेचं दोनशे

कोथरूड, पुणे
रविवार रात्र

प्रिय विन्या,

परवा व्हिडिओ कॉलवर तू तोंड उघडं ठेवून गोठलास, तेव्हा मी इकडे खो खो हसत होतो. संध्याकाळी तुझा फोटो आला आणि हसू पळालं. मी म्हणालो होतो, सळ्यांमधलं अंतर पावणेदोनशे. त्यातलं 'पावणे' नेटने गिळलं आणि तू दोनशेवर खुणा मारल्यास. म्हणजे दर चौदाशे मिलिमीटरला आठाऐवजी सातच सळ्या! तू टेकाडावर चढून फोटो पाठवला नसतास, तर सकाळी स्लॅब ओतून मोकळे झालो असतो.

म्हणून सुचवतो. पटलं तर बघ. वेल्ह्याच्या पुढे, त्या डोंगराच्या कुशीत व्हिडिओचा हट्ट नकोच. त्याला सेकंदाला काहीशे किलोबिट लागतात, साध्या टूजी कॉलला बारा-तेरा पुरतात. शिवाय तो कॉल लागला की तेवढी वाट तुझ्यापुरती राखलेली असते, डेटासारखी वाटून घ्यावी लागत नाही. फक्त सिम टूजी चालणाऱ्या कंपनीचं हवं. तुझ्या दुसऱ्या सिमच्या कंपनीचं टूजीच नाही, त्यामुळे फोरजी गेलं की ते मुकं. पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पहिल्या सिमचं नेटवर्क सेटिंगमधून टूजीवर टाकून बघ, काड्या किती येतात ते.

मीटिंग नेटवरच सुरू करू, पण पाच मिनिटांत दोनदा अडकली तर मीच फोन लावणार. कट झाला तरी परत मीच लावेन, तू लावायचा नाहीस. गेल्या वेळी दोघंही एकमेकांना लावत बसलो आणि दोघांनाही एंगेज! साहेबांनाही मी इकडूनच कॉलमध्ये जोडून घेईन. दोनदा रिंग नाही गेली, तर एसएमएस टाकतो. आवाज पोचत नाही तिथेही तो बऱ्याचदा पोचतो, उशिरा का होईना. मात्र रोमनमध्ये लिही. मराठीत सत्तर अक्षरांतच संपतो, आणि त्यात काना-मात्राही मोजतात. पुढे त्याचे तुकडे पडतात. रोमनमध्ये एकशेसाठ मिळतात.

फोनवर चित्र दिसणार नाही, ही अडचण खरीच. ड्रॉइंग मी आदल्या रात्री पाठवीन, तू छापून ठेव. बोलायला लागण्याआधी कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर दोघांनी वाचायचा. आणि आकडा सांगताना सव्वा, दीड, पावणे सगळं बंद. एक-सात-पाच असं सुटं सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने तसंच परत म्हणून दाखवायचं. शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटेल, वाटू दे. मोठी दुरुस्ती असेल तर मात्र फोनवर भागवायची नाही, मी गाडी काढून येईन.

मंगळवारी दुपारी दीडला टाकीपाशी थांब, रिंग देतो. काकूंनी डिंकाचे लाडू दिलेत, उद्याच्या सिमेंटच्या गाडीबरोबर पाठवतोय. ड्रायव्हरने डबा उघडला नसेल, तर बारा असतील.

तुझा,
सुध्या