डी-डायमर वाढला म्हणजे गुठळी झाली, असे नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कोरोनाच्या साथीत डी-डायमर हा शब्द घराघरांत पोहोचला. तेव्हा आजार किती गंभीर वळण घेतो आहे याचा अंदाज बांधायला ही तपासणी वारंवार होत असे. साथ ओसरली, पण तपासणी मात्र आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये जाऊन बसली. धडधाकट माणसे सकाळी उपाशीपोटी रक्त देतात आणि संध्याकाळी मोबाइलवर लाल अक्षरातला आकडा पाहून हादरतात. अनेक वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केल्यामुळे असे कागद हातात घेऊन आलेली बरीच मंडळी मी पाहिली आहेत. म्हणून हे पत्र.

हा आकडा नेमके काय मोजतो, ते आधी पाहू. रक्त गोठते तेव्हा रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात. फॅक्टर तेरा नावाचे विकर या धाग्यांना एकमेकांशी पक्के टाके घालते आणि जाळे घट्ट होते. काम झाले की शरीर ते जाळे स्वतःच विरघळवू लागते. ते प्लाझमिनचे काम. प्लाझमिन धागे कापते, पण फॅक्टर तेराने घातलेला टाका त्याच्याने सुटत नाही. त्यामुळे टाक्याने जोडलेली एक जोडी तशीच रक्तात उतरते. हीच जोडी म्हणजे डी-डायमर. ती सापडली तर दोन गोष्टी ठरतात: शरीरात कुठेतरी फायब्रिनचे पक्के जाळे विणले गेले आणि ते कापलेही गेले. कुठे आणि कशासाठी, हे त्या जोडीवर लिहिलेले नसते.

घोळ होतो तो इथेच. फायब्रिनचे जाळे फक्त पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात अडकलेल्या गुठळीत नसते. न्यूमोनिया, डेंग्यू, जंतुसंसर्ग, कर्करोग, यकृताचे आजार, हाड मोडणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया या सगळ्यांत डी-डायमर वाढतो. गरोदरपणात तो महिन्यागणिक चढत जातो. काही न होताही वयाबरोबर वाढतो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर फटाक्यांचे कागद दिसले तर माळ लागली एवढे कळते, कोणी लावली ते कळत नाही. रस्ता स्वच्छ असेल तर मात्र तिथे माळ लागली नाही, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. ताजी, मोठी गुठळी झाली असेल तर तिच्या विरघळण्याचे तुकडे रक्तात नसणे अवघड असते. म्हणून कमी आकडा बोलका असतो आणि जास्त आकडा मुका.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, छातीत दुखते किंवा दम लागतो म्हणून १००० माणसे आली आणि डॉक्टरांच्या तपासणीनुसार त्यांतल्या साधारण १०० जणांना फुप्फुसात गुठळी असावी. चांगल्या प्रतीची डी-डायमर तपासणी गुठळी असलेल्या १०० पैकी साधारण ९७ जणांना पकडते. पण गुठळी नसलेल्या ९०० पैकी साधारण ३६० जणांचाच आकडा कमी येतो. उरलेल्या ५४० जणांचा वाढलेला दिसतो. आता हिशेब करा. आकडा वाढलेले ६३७ जण, त्यांत खरी गुठळी ९७ जणांना, म्हणजे सुमारे १५ टक्के. आकडा कमी आलेले ३६३, त्यांत गुठळी सुटली फक्त तिघांची, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. तपासणी एकच, पण एका उत्तरावर निर्णय घेता येतो आणि दुसऱ्यावर नाही.

याच हिशेबात एक बदल करा. गुठळीची शक्यता आधीच मोठी असेल, समजा १००० पैकी ५०० जणांना, तर कमी आकडा आलेल्या २१५ जणांत १५ जणांची गुठळी सुटते. ते सात टक्के होतात आणि ते परवडण्यासारखे नाही. म्हणून डॉक्टर आधी पाहतात आणि विचारतात: एकच पाय सुजला आहे का, नाडी शंभराच्या वर आहे का, गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली किंवा अंथरुणावर पडून राहावे लागले का, पूर्वी गुठळी झाली होती का, खोकल्यातून रक्त पडते का, कर्करोग आहे का, आणि या त्रासाला गुठळीहून पटेल असे दुसरे कारण दिसते का. यावर गुण दिले जातात. गुण जास्त असतील तर डी-डायमरच्या वाटेला न जाता थेट छातीचा सीटी अँजिओ किंवा पायाचा डॉप्लर करावा लागतो. तिथे डी-डायमर कमी आला म्हणून थांबणे धोक्याचे आहे. रक्त पातळ करणारे औषध आधीच सुरू असेल, किंवा त्रास सुरू होऊन दोन आठवडे उलटून गेले असतील, तरीही आकडा फसवा कमी येऊ शकतो.

आता एक उदाहरण. ७२ वर्षांच्या गृहस्थांना श्वास घेताना छातीत टोचते. पाय सुजलेला नाही, नाडी ८८, शस्त्रक्रिया, अंथरुणावर पडून राहणे, पूर्वीची गुठळी, खोकल्यातून रक्त, कर्करोग यांपैकी काहीच नाही. डी-डायमर ६१० येतो आणि रिपोर्टवर मर्यादा ५०० छापलेली असते. घरचे घाबरतात. पण पन्नाशीनंतर ही मर्यादा वयाच्या दहापट धरता येते, हे बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. ७२ गुणिले १० म्हणजे ७२०. आकडा त्याच्या आत आहे आणि मुळात संशयही कमी होता, म्हणून फुप्फुसातल्या गुठळीसाठी सीटीची गरज नाही. छातीत टोचण्याचे कारण मात्र वेगळे शोधायलाच हवे.

हा हिशेब एकाच एककात चालतो आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. काही प्रयोगशाळा आकडा एफईयूमध्ये, म्हणजे फायब्रिनोजेनच्या तुल्य वजनात देतात, काही डीडीयूमध्ये, म्हणजे नुसत्या डी-डायमरच्या वजनात. वयाच्या दहापटीचा हिशेब पहिल्यातला. पहिल्यात मर्यादा साधारण ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर, दुसऱ्यात साधारण २५०, कारण एफईयूचा आकडा डीडीयूच्या सुमारे दुप्पट असतो. एखाद्याचा रिपोर्ट ३१० डीडीयू आला आणि कोणी 'पाचशेच्या आत आहे, काळजी नको' म्हटले, तर तो धीर खोटा आहे. एफईयूमध्ये तो ६२०च्या आसपास जातो. त्याउलट ०.४ असा आकडा पाहून कोणी विचारात पडेल, तर तो मायक्रोग्रॅममध्ये असू शकतो, म्हणजे ४०० नॅनोग्रॅम.

म्हणून दोन मागण्या. कुठलाही त्रास नसलेल्या माणसांच्या पॅकेजमधून डी-डायमर काढून टाकावा. संशय नसताना वाढलेल्या आकड्यामागे सीटी अँजिओचे किरण आणि रंगद्रव्य सोसावे लागते. कोणी नुसता आकडा पाहून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू केल्या, तर रक्तस्रावाचा धोका विनाकारण ओढवतो. आणि जिथे ही तपासणी खरोखर हवी आहे, तिथे रिपोर्टवर आकड्याशेजारी एफईयू की डीडीयू हे ठळक छापावे आणि मर्यादाही त्याच एककात द्यावी. पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्यांनी हे उद्यापासून केले तरी त्यात अडचण काही नाही.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सांगली