दोनच्या गाडीचं काय, ते बारालाच सांगा

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

एसटीत माझी 31 वर्षं गेली. त्यातली शेवटची 9 यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीमागे, वाहतूक नियंत्रक म्हणून. लोक आम्हाला कंट्रोलर म्हणतात, आणि फेरी रद्द झाली की आणखी बरंच काही म्हणतात. त्यांचं चूक नसायचं. आता निवृत्त आहे, मेमोची भीती नाही, म्हणून आमच्या एका कंडक्टर बाईंची गोष्ट आपल्याला लिहितो. त्या अजून नोकरीत आहेत, त्यामुळे त्यांचं आणि गावाचं नाव लिहीत नाही.

बाईंची ड्युटी एका 34 किलोमीटरच्या गावावर असायची. गाडी सकाळी नऊला गावातून निघून दहा-सव्वादहाला तालुक्याला यायची. परत दुपारी दोनला, आणि शेवटची संध्याकाळी पाचला. शाळेची पोरं सकाळच्या मुक्कामी गाडीनं निघून जात. त्यामुळे नऊच्या गाडीत असायचे दवाखान्याचे लोक, बँकेत निराधारचे पैसे काढायला निघालेल्या म्हाताऱ्या, तहसीलचे कागदवाले आणि सोमवारी बाजाराचे थैले. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी घरचा एकच माणूस जायचा आणि सगळ्यांची कामं करून यायचा. आता बाया आपल्या कामाला आपणच येऊ लागल्या.

यातली दोनची गाडी कुठल्याही कंट्रोलरची पहिली शिकार असते, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल. साडेअकरा-बाराच्या सुमारास आगारातून फोन येतो. लांब पल्ल्याची एखादी गाडी नादुरुस्त झालेली असते, नाहीतर ड्रायव्हर आलेला नसतो. हिवाळ्यात शाळांच्या सहलींना गाड्या जातात, लग्नसराईत प्रासंगिक करारावर जातात, आषाढीला पंढरपूरला जातात. 'एक गाडी काढून दे', एवढंच पलीकडचा माणूस बोलतो. नागपूरची फेरी बुडाली तर उत्पन्न बुडतं आणि वरून विचारणा होते. गावाकडची बुडाली तर कागदावर एक रद्द फेरी आणि काही किलोमीटर. मी दरवेळी दोनची काढून द्यायचो. महिन्यातून सात-आठ वेळा तरी.

त्याला माझ्याकडे आधारही होता. मशीनचा हिशेब काढला की दोनच्या फेरीत आठ-दहा तिकिटं दिसत. आठ माणसांसाठी गाडी कशाला अडकवायची? माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी होती, की मशीन चढलेल्या माणसाचंच तिकीट फाडतं. फलाटावर तीन वाजेपर्यंत वाट पाहून काळी-पिवळीत कोंबून गेलेला माणूस त्यात कुठंच दिसत नाही. आणि ज्याला चार वेळा असं बसवलं, तो पाचव्यांदा दोनची वाट पाहतच नाही. म्हणजे फेरी रद्द व्हायची म्हणून तिकिटं कमी, आणि तिकिटं कमी म्हणून फेरी रद्द. हे चाक मीच फिरवत होतो.

एका सोमवारी अशीच दोनची रद्द झाली. संध्याकाळी पाचच्या गाडीला इतकी गर्दी, की बाईंना तिकिटं फाडत मागच्या सीटपर्यंत जायला अर्धा रस्ता लागला. 44 सीटच्या गाडीत सत्तरच्या वर माणसं. दाराजवळच्या सीटवर एक म्हातारी मांडीवर औषधाची पिशवी घेऊन बसली होती. बाईंनी तिची माफी मागितली. त्यावर ती म्हणाली, "गाडी नसन त नसन वो बाई, मी काही भांडत नाई. पन मले बारालेच सांगून देत जा. पोरीचं घर इथंच हाय, दोन घास खाऊन आली असती. आता उठलं अन् गाडी निंगून गेली त? म्हनून उपाशी बसून रायनं पडते."

बाई दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी आल्या आणि हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, बाराला मलाच माहीत नसतं, त्यांना काय सांगू. बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला माहीत नसतं, कारण दोनला किती लोक येणार ते तुम्हाला माहीत नसतं. मला सकाळीच माहीत होऊ शकतं. सगळे माझ्याच गाडीतून येतात ना!"

मग त्या सकाळी तिकीट देतानाच विचारायला लागल्या. पहिले दोन दिवस वाया गेले, कारण त्या विचारत, 'परत कधी?' आणि लोक म्हणत, 'काम झालं का मंग.' उत्तर बरोबरच, पण उपयोग शून्य. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रश्न बदलला : 'दोननं का पाचनं?' मग माणूस लगेच एक बोट दाखवतो. जुन्या तिकीट रोलच्या कोऱ्या बाजूवर त्या रेघा मारायच्या, चार उभ्या आणि एक आडवी. स्थानकावर उतरल्या की ती चिठ्ठी माझ्या खिडकीत. एका माणसामागे दोन सेकंद जास्त, बाकी काही नाही.

पुढच्या सोमवारची चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. 38 प्रवासी. दोनला 17, पाचला 9, बाकीचे मुक्कामी किंवा ठरलं नाही. पावणेबाराला फोन आला, नागपूरच्या गाडीची क्लचप्लेट गेली, गाडी दे. नेहमीप्रमाणे हात दोनच्या फेरीवर गेला आणि तिथंच थांबला. आठ माणसं म्हटली की आकडा असतो. सतरा रेघा समोर असल्या की ती दवाखान्याच्या लायनीत उभी असलेली माणसं असतात.

त्याच रस्त्यानं दुसऱ्या एका गावची पावणेदोनची गाडी जायची. 22 किलोमीटरवर फाटा आहे, ती डावीकडे वळते आणि बाईंचं गाव उजवीकडे 12 किलोमीटर. मी दोनची गाडी नागपूरला दिली, पण पावणेदोनची दोनपर्यंत थांबवली आणि आधी बाईंचं गाव करून मग तिच्या गावाला पाठवली. जास्तीचे 24 किलोमीटर आणि साधारण पाऊण तास. मुख्य म्हणजे हे सगळं बारा वाजताच ठरलं, म्हणून सव्वाबाराला मी फलाटावरच्या फळ्यावर खडूनं लिहू शकलो : दोनची गाडी पावणेदोनच्या गाडीत, फलाट 3, सुटणार दोनला. भोंग्यावर दोनदा सांगितलं. म्हातारी त्या दिवशी होती की नाही, माहीत नाही.

यात सगळंच गोड झालं असं नाही. त्या दिवशी 17 पैकी 12 जणच आले. बाईंनीच कारण शोधलं. दवाखान्यात ज्याचं रक्त तपासायला घेतात त्याचा रिपोर्ट दुपारी तीननंतर मिळतो. तो सकाळी 'दोननं' म्हणतो आणि येतो पाचनं. मग आम्ही चिठ्ठीवरच्या आकड्याचा दोन तृतीयांश धरू लागलो, तो बऱ्यापैकी जुळायचा. दुसरं, पावणेदोनवाल्या ड्रायव्हरची ड्युटी लांबली आणि त्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा ओव्हरटाइम मंजूर व्हायला दोन महिने लागले. तिसरं जास्त खोलातलं आहे. ज्या गावच्या कंडक्टरनं चिठ्ठी दिली त्या गावाची फेरी वाचायची आणि ज्यानं दिली नाही त्याची जायची. त्या पावणेदोनच्या गाडीतल्या लोकांना मी तासभर उशीर केला, तो केवळ त्यांच्या रेघा माझ्यासमोर नव्हत्या म्हणून. मग बाकीच्यांनाही चिठ्ठी द्यायला सांगितलं. चौघांनी दिली, दोघे म्हणाले आमच्या कामात हे बसत नाही. त्यांचंही खरंच होतं, कारण लेखी काहीच नव्हतं.

त्या हंगामात दोनची फेरी रद्द व्हायची थांबली नाही. गाड्या कमी असल्या की कमीच असतात, रेघांनी गाडी पैदा होत नाही. पण जेव्हा रद्द झाली तेव्हा फळ्यावर साडेबाराच्या आत लिहिलं गेलं. लोक बाजारात गेले, बँकेत गेले, नातेवाइकांकडे गेले आणि पाचला आले. खिडकीवरची भांडणं निम्म्याहून कमी झाली, हे मी हलफेवर सांगतो. दोनच्या फेरीतली तिकिटंही आठ-दहावरून हळूहळू पंधराच्या घरात गेली, कारण फळ्यावर काही लिहिलं नसेल तर गाडी येतेच, असा विश्वास बसायला लागला.

महोदय, मागणं दोनच आहेत. गावाकडच्या सकाळच्या फेरीत तिकीट मशीनवर परतीचं एक बटण द्यावं, दोन की पाच एवढंच, म्हणजे रेघा न मारता आकडा थेट कंट्रोलरसमोर येईल आणि प्रत्येक गावाचा येईल. आणि दुपारची फेरी रद्द करायची असेल तर तो निर्णय साडेबाराच्या आत फळ्यावर लिहिणं आगारांना बंधनकारक करावं. गाडीत जीपीएस बसवल्यानं हे साधत नाही. सुटलेली गाडी कुठं आहे ते जीपीएस सांगतं, न सुटणारी गाडी सुटणार नाही हे सांगत नाही.

एक विनंती मात्र हात जोडून. या आकड्याचं टार्गेट करू नका. कंडक्टरच्या कामगिरीशी तो जोडला, की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फेरीत 20 रेघा घरूनच मारून येतील. मी आमच्या लोकांना ओळखतो. मीही त्यांच्यातलाच.

बाईंची ड्युटी पुढं बदलली आणि त्यांना लांब पल्ल्याची गाडी मिळाली. मी निवृत्त झालो. नव्या माणसाला चिठ्ठीचं कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला लेखी काही नव्हतंच. मागच्या महिन्यात मी प्रवासी म्हणून त्याच स्थानकावर गेलो होतो. फळा जागेवर आहे. त्यावर ऑइलपेंटनं लिहिलंय : लग्नकार्यासाठी व सहलीसाठी गाड्या मिळतील, चौकशी करा. खाली बाकावर पाच-सहा जण बसले होते. घड्याळात पावणेतीन झाले होते.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
जि. यवतमाळ