मनमाड सुटल्यावर ड्युटीवर असलेल्या टीसी साहेबांना

साहेब, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, त्या गडबडीत सुचलं नाही. काळ्या कोटावरची नावाची पट्टी दिसत होती पण वाचायचं भान कुणाला होतं. म्हणून हे असं उघड पत्र लिहितेय, तुमच्यापर्यंत पोचलं तर पोचलं, आणि नाही पोचलं तरी ज्यांना रात्रीच्या गाडीने म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असतं त्यांनी वाचावं.

मनमाड सुटून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील आणि बाबांना छातीत जड वाटायला लागलं, नंतर डावा हात दुखतोय म्हणाले आणि एसी चालू असताना शर्ट घामाने भिजला. मी अॅसिडिटीची गोळी शोधत होते तेवढ्यात साइडबर्थवरच्या दादांनी उठून चेनला हात घातला. तुम्ही तिकीट बघत तिथंच होतात आणि पहिलं वाक्य बोललात ते हे की, चेन ओढू नका, इथं गाडी थांबली तर डॉक्टर कुठून येणार? तेव्हा मला राग आला होता खरं सांगते. पण तुम्ही दोन वाक्यांत समजावलंत की चेन ओढली की गाडी मधेच शेतात उभी राहते, तिथं ना रस्ता ना अॅम्ब्युलन्स, वर कोणीतरी डब्यापर्यंत येऊन ती चेन रिसेट करेपर्यंत गाडी हलत नाही, म्हणजे पुढचं स्टेशन उलट लांब जातं. चेन कधी ओढायची तेही सांगितलंत, गाडी प्लॅटफॉर्म सोडत असताना त्रास सुरू झाला तर जरूर ओढा, आजारपण हे योग्य कारण आहे, दंड विनाकारण ओढणाऱ्याला होतो.

मग तुम्ही फोन लावलात रेल्वेच्या कंट्रोल रूमला. आणि मला म्हणालात ताई, तुम्ही तुमच्या फोनवरून 139 लावा, भाषा निवडा, सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीसाठी 1 दाबा. मी म्हटलं तुम्ही केलाय ना फोन, तर म्हणालात दोन्हीकडून गेलेलं बरं, 139 वर तक्रार नोंदली जाते आणि तिथूनही डिव्हिजनला कळतं. पीएनआर, गाडी नंबर, डबा, बर्थ एवढं विचारलं त्या बाईंनी. माझा हात थरथरत होता, पण तिकिटाचा मेसेज उघडून ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं म्हणून पटकन जमलं.

एक गोष्ट मला फार शिकण्यासारखी वाटली. मी फोनवर सारखी "बाबांची तब्येत बिघडलीय, बिघडलीय" म्हणत होते आणि तुम्ही मात्र कंट्रोलला असं सांगितलंत, पुरुष, वय 67, छातीत दुखतंय, हातात कळ, खूप घाम, शुगर आहे, शुद्धीवर आहेत पण चालवू नये असं वाटतंय, स्ट्रेचर आणि ऑक्सिजन लागेल, डबा इंजिनपासून अमुक नंबरचा. डब्याचा नंबर तर कळला पण इंजिनपासून कितवा ते कशाला, असं मला वाटलं होतं. नंतर कळलं, गाडी अर्धा किलोमीटर लांब, थांबणार जेमतेम काही मिनिटं, डॉक्टर चुकीच्या टोकाला उभे असतील तर पळतच राहतील.

आमच्या गाडीचा पुढचा थांबा थेट जळगाव होता, म्हणजे अजून दीड-दोन तास. चाळीसगावला ती थांबत नाही. तुम्ही कंट्रोलला चाळीसगावला थांबवायला सांगितलंत आणि त्यांनी परवानगी दिली. मला वाटायचं टीसी किंवा ड्रायव्हर ठरवतो कुठं थांबायचं ते, पण तसं नसतं, गाडी वाटेत कुठं उभी करायची ते कंट्रोल ठरवतं आणि त्या स्टेशनच्या मास्तरला कळवतं. मास्तरकडे डॉक्टरांची, हॉस्पिटलांची, अॅम्ब्युलन्सची यादी असते. भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेचंच हॉस्पिटल आहे, तिथं रेल्वेचा डॉक्टर येतो, बाकी ठिकाणी गावातल्या खाजगी डॉक्टरला झोपेतून उठवावं लागतं. म्हणूनच तुम्ही म्हणालात की स्टेशन दिसायला लागल्यावर फोन करून काही उपयोग नाही, डॉक्टरला घरून निघायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात. आमचे तेवढे हातात होते कारण तुम्ही पहिल्याच मिनिटाला फोन केलात.

मधल्या वेळात तुम्ही दोन डबे फिरून आवाज देत एक डॉक्टर प्रवासी शोधून आणले. त्यांनी बाबांना उशा लावून अर्धवट बसतं केलं, गुडघे वर घेतले, अॅस्पिरिनची अॅलर्जी, अल्सर, रक्तस्राव असं काही आहे का ते विचारलं आणि मग गोळी चावून खायला दिली. बाबा सारखे बाथरूमला जायचं म्हणत होते, त्यांनी उठूच दिलं नाही. मधे फोनची रेंज गेली तेव्हा मी परत घाबरले, तर तुम्ही म्हणालात मागे ट्रेन मॅनेजरकडे, म्हणजे पूर्वीचे गार्ड, वॉकीटॉकी आहे, स्टेशनजवळ आलं की मास्तरशी बोलणं होतं. ऑक्सिजन गाडीतल्या मेडिकल बॉक्समधून आला.

चाळीसगावला डॉक्टर डब्याच्या दाराशीच उभे. बीपी, नाडी, ऑक्सिजन बघितला आणि म्हणाले उतरवा. मी म्हटलं पुढं अकोल्याला आमचा नेहमीचा डॉक्टर आहे, तिथपर्यंत जाऊ द्या. ते म्हणाले, बाई, माझ्याकडे इसीजी नाही, मी इथं एवढंच ठरवू शकतो की प्रवास चालवायचा की नाही, आणि चालवायचा नाही. प्लॅटफॉर्मवरच्या डॉक्टरकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवूच नये हे मला तेव्हा कळलं, उपचार तिथं होत नाहीत, तिथं निर्णय होतो. 108 बाहेर उभी होती, आरपीएफच्या पोरानं आमच्या बॅगा उतरवल्या.

मी पर्स उघडून पैसे विचारले तर तुम्ही म्हणालात डॉक्टरच्या फीची रीतसर पावती असते, 100 रुपये, औषधांचे वेगळे, पण ते आत्ता राहू दे, आधी जा. तिकडं हॉस्पिटलात इसीजी काढल्या काढल्या कळलं की अटॅकच होता. पुढं मोठ्या हॉस्पिटलला नेलं, स्टेंट बसला, आता बाबा घरी आहेत आणि कमी मिठाच्या भाजीवरून आईशी भांडतायत.

रेलमदत या रेल्वेच्या तक्रार नोंदवायच्या साइटवर कौतुक नोंदवायचीही सोय आहे, तिथं गाडी नंबर, तारीख आणि डबा टाकून तुमच्याबद्दल लिहिलंय, म्हणजे नाव माहीत नसलं तरी ड्युटी कुणाची होती ते तुमच्या साहेबांना काढता येईल. त्या डॉक्टर प्रवाशांचं नावही विचारायचं राहिलं. तुम्हाला माहीत असेल तर त्यांनाही नमस्कार सांगा.

तुमची,
बी-डब्यातली ताई