शिबिरातला आकडा आणि मधुमेहाचा शिक्का

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ठाणे पुरवणीत घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलातल्या मोफत आरोग्य शिबिराची बातमी वाचली. तपासलेल्या रहिवाशांपैकी 'अनेकांना मधुमेह असल्याचे आढळले' असं त्यात छापलं आहे. मी तीस वर्षं ठाण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं आणि आता निवृत्त आहे. त्याच शिबिरात माझ्या शेजारच्या गृहस्थांचं नाव त्या 'अनेकां'मध्ये गेलं. त्यांचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

शेजाऱ्यांचं वय ४७, वजन जरा जास्त, त्रास म्हणाल तर काहीच नाही. रविवारी सकाळी साडेनऊला घरी शिरा आणि दोन कप चहा घेऊन ते खाली शिबिरात गेले. साडेदहाला बोट टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, ती १६८ निघाली. (पत्रातले साखरेचे सगळे आकडे दर डेसिलिटर रक्तातल्या मिलिग्रॅमचे आहेत.) टेबलावरच्या मुलाने चिठ्ठीवर 'डायबेटिस' लिहिलं आणि डॉक्टरांकडून गोळी सुरू करून घ्या असं सांगितलं. ते थेट माझ्या दारात आले. "काकू, मला शुगर निघाली," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले.

खाल्ल्यावर साधारण तासाभराने रक्तातली साखर सर्वांत वर असते. त्यांची साखर नेमकी त्याच वेळी तपासली गेली होती. निरोगी माणसाचीही साखर तेव्हा वाढते, पण ती सहसा १४०च्या आतच राहते आणि दोन तासांत खाली येते. म्हणून १६८ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. मात्र तो मधुमेहाचाही नव्हता. खाण्याची वेळ न पाहता केलेल्या तपासणीला रँडम म्हणतात. तिच्यावरून मधुमेह ठरवायचा तर साखर २०० किंवा त्याच्या वर हवी आणि सोबत लक्षणंही हवीत : खूप तहान, सारखी लघवी, न सांगता घटणारं वजन. तेही शिरेतून काढलेल्या, लॅबमध्ये तपासलेल्या रक्तावर. १४० ते १९९ आला तर त्याचा अर्थ 'नीट तपासणी करा' एवढाच.

ग्लुकोमीटरच्या मर्यादाही आहेत. चांगल्या यंत्रालाही १०० आणि त्यापुढच्या आकड्यांत १५ टक्के इकडे-तिकडे व्हायची मुभा मानकातच दिलेली आहे. म्हणजे यंत्रावर १६८ दिसले तरी खरा आकडा १४६ ते १९८ यांत कुठेही असू शकतो. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असते. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : शेजाऱ्यांनी शिरा हाताने खाल्ला होता. शिबिरात बोट फक्त स्पिरिटच्या कापसाने पुसलं. बोटावर गोडाचा अंश राहिला तर तो थेंबात मिसळतो आणि आकडा फुगतो. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून टोचलं तरच ती पट्टी खरं बोलते. हे यंत्र मधुमेही माणसाला रोज घरी लक्ष ठेवायला उत्तम आहे, निदान करण्यासाठी नाही.

घाबरून त्यांनी भात, पोळी, फळं सगळं बंद केलं. तीन दिवस काकडी आणि ताकावर काढले, बुधवारी लॅबमध्ये रक्त दिलं. उपाशीपोटी ११२. मग घरी अर्धी भाकरी आणि भाजी खाल्ली आणि दुसरं रक्त दिलं. ती जेवणानंतरची साखर, म्हणजे पीपी, १३६ आली. इथे त्यांचे थोरले भाऊ मध्ये पडले. ते दहा वर्षं मधुमेहाची गोळी घेतात. म्हणाले, "माझे डॉक्टर म्हणतात १८०पर्यंत चालतं, तुझी तर १३६ आहे, काही नाही तुला." शेजाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र राहवलं नाही.

१८० हा आकडा आधीच मधुमेह असलेल्या आणि औषध घेणाऱ्या माणसाचं जेवणानंतरचं उद्दिष्ट आहे. साखर फार खाली नेली तर अशा माणसाला चक्कर, घाम, बेशुद्धी असा धोका असतो, म्हणून त्याला थोडी सूट देतात. निरोगी माणसाचं माप वेगळं. त्याची दोन तासांनंतरची साखर १४०च्या आत हवी.

आणि त्यांची ती १३६ही भरवशाची नव्हती. पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात. त्यांनी ते जेवण संपल्यापासून, तेही सव्वादोन तासांनी मोजले होते. जेवणही रोजच्या निम्मं. घरच्या जेवणानंतरच्या साखरेवरून मधुमेह आहे की नाही हे ठरवायची अधिकृत रेषाच नाही, कारण कुणाचं जेवण किती हे कोण सांगणार? १४० आणि २०० या ज्या रेषा आपण ऐकतो त्या ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत प्यायल्यानंतर बरोबर दोन तासांनी काढलेल्या रक्ताच्या आहेत. १४०च्या खाली निरोगी, १४० ते १९९ पूर्वमधुमेह, २०० आणि पुढे मधुमेह.

मी त्यांना सांगितलं, आधी तीन दिवस पोटभर, नेहमीसारखं जेवा. हे ऐकून ते चमकले. पण धान्य एकदम तोडलं की शरीर साखर हाताळायचं जणू विसरतं आणि ग्लुकोज दिल्यावर आकडा खोटाच वर जातो. चाचणीआधी तीन दिवस रोज किमान दीडशे ग्रॅम पिष्टमय आहार पोटात जायला हवा. दोन-दोन वेळा पोळी-भात खाणाऱ्या आपल्या घरात ते आपोआप होतं. मग रात्री नऊला जेवून सकाळी सातला या. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास फक्त पाणी, त्यात बिनसाखरेचा चहाही नाही. आणि रक्त घरून न देता लॅबमध्येच येऊन द्या. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि दर तासाला साधारण पाच ते सात टक्के कमी होते. करड्या टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड ते थोपवतं, पण लगेच नाही. आठ घरांची रक्तं पिशवीत घेऊन दुपारी लॅबला पोहोचणाऱ्या मुलाच्या नळीतला आकडा कमी आला तर नवल नाही.

या वेळी उपाशीपोटी १०९ आली आणि दोन तासांनंतर १६३. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.० टक्के.

आता हे आकडे नीट वाचू. उपाशीपोटी १००च्या आत निरोगी, १०० ते १२५ पूर्वमधुमेह, १२६ आणि पुढे मधुमेह, ही अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची रेषा. जागतिक आरोग्य संघटना मात्र पूर्वमधुमेह ११० पासून धरते. म्हणजे शेजाऱ्यांची पहिली ११२ दोघांच्याही लेखी पूर्वमधुमेहात, आणि आठवडाभरानंतरची १०९ एकाच्या लेखी पूर्वमधुमेहात, दुसऱ्याच्या लेखी निरोगी. माणूस तोच. एवढा फरक दोन दिवसांत, झोपेने किंवा तापानेही पडतो. त्यांचा खरा निर्णय १६३ने केला. हा आकडा दोन्ही संस्थांच्या लेखी पूर्वमधुमेह आहे, आणि एचबीए१सीही ५.७ ते ६.४ या त्याच पट्ट्यात. नुसतं फास्टिंग पाहून सोडलं असतं तर हे निसटू शकलं असतं. आपल्या लोकांत उपाशीपोटी बरी आणि खाल्ल्यावर चढणारी साखर मी लॅबमध्ये पुष्कळ पाहिली आहे.

१२६ हा आकडा असाच कुणाच्या मनात आलेला नाही. १९९७ पर्यंत उपाशीपोटीची रेषा १४० होती. मग वेगवेगळ्या लोकसमूहांत डोळ्याच्या पडद्यावरचे मधुमेही बदल कोणत्या साखरेपासून वाढतात ते तपासलं आणि रेषा खाली आणली. पूर्वमधुमेहाची खालची रेषा अमेरिकन संस्थेने २००३मध्ये ११० वरून १०० केली. म्हणजे १२५ला शरीर ठणठणीत आणि १२६ला एकदम आजारी असं काही नसतं. रेषा ओढावी लागते, धोका मात्र हळूहळू चढतो. म्हणूनच लक्षणं नसलेल्या माणसाला एका चाचणीवर मधुमेही ठरवत नाहीत. एकाच रक्तात फास्टिंग आणि एचबीए१सी दोन्ही रेषेपलीकडे असले किंवा पुन्हा केलेल्या तपासणीत तसाच निकाल आला, तरच निदान पक्कं होतं.

एचबीए१सीवर एक इशारा द्यायला हवा. लोह कमी होऊन रक्त कमी झालं असेल तर ती खोटी वाढते, आणि आपल्या बायकांत हे नेहमीचं आहे. हिमोग्लोबिन ८-९ असताना ६.५ आली तर फास्टिंग आणि ग्लुकोजची चाचणी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. गरोदरपणातल्या साखरेच्या रेषा तर वेगळ्याच आणि खालच्या आहेत. वरचं कोष्टक तिथे लावू नये.

शेजाऱ्यांना डॉक्टरांनी गोळी दिली नाही. वजन सुमारे सात टक्के उतरवा, आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चाला आणि वर्षाने पुन्हा तपासा, असं सांगितलं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२मध्ये आले, एवढ्यानेच पूर्वमधुमेहातून मधुमेहात जाणं ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. ते आता रोज उपवनला चालायला जातात.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. अशा शिबिरांच्या बातम्यांत 'मधुमेह आढळला' ऐवजी 'साखर जास्त दिसली, लॅब तपासणी सुचवली' असं छापावं. आणि शिबिर भरवणाऱ्यांना आपल्या पानातून सांगावं, की चिठ्ठीवर आकड्याच्या शेजारी 'शेवटचं खाणं किती वाजता' ही ओळ छापून घ्या आणि टेबलाजवळ हात धुवायला साबण-पाणी ठेवा. २००च्या पुढचा आकडा आणि तहान-लघवीची तक्रार असेल त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा, आणि उलट्या होत असतील किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालयात.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
ठाणे (पश्चिम)