सत्तावीसशे रुपयांची तफावत

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दूध संस्थेतला सत्तावीसशे रुपयांचा घोळ शेवटी कुठे सापडला, असे तू परवा फोनवर विचारलेस. ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तू आता पतसंस्थेत हिशेबाला बसतोस, तेव्हा तुला हे उपयोगीही पडेल.

आमच्याकडे वजन, फॅट आणि दर हे सगळे यंत्रावर होते आणि उत्पादकाला छापील पावती मिळते. दर दहा दिवसांचे बिल पत्रकही छापूनच येते. सभासदांची वैयक्तिक खतावणी मात्र अजून हातानेच लिहिली जाते. प्रत्येकाचे एक पान असते. त्यावर दुधाची रक्कम जमा पडते आणि पशुखाद्य, उचल व दिलेले बिल नावे पडते. सर्वसाधारण खतावणीत या सगळ्यांचे मिळून एकच खाते असते आणि त्यात रोजकीर्दीवरून फक्त एकूण रकमा येतात. दहा दिवसांनी सगळ्या पानांवरच्या बाक्यांची यादी करायची आणि तिची बेरीज त्या एका खात्याच्या बाकीशी जुळवायची, असा शिरस्ता आहे. मी तुझ्या मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते, तेव्हा बिलाची खतावणी बदली माणसाने केली. परत येऊन यादी केली, तर मोठ्या खात्याप्रमाणे सभासदांचे देणे 41,360 रुपये होते आणि यादीप्रमाणे 38,660. यादीत 2,700 रुपये कमी होते.

हा आकडा ऐकताच संचालक मंडळातल्या दोघांचा निष्कर्ष तयार झाला. त्या वेळी पशुखाद्याचे पोते 1,350 रुपयांना होते, म्हणजे दोन पोत्यांची बरोबर तेवढीच किंमत होते. गोदामावरच्या पोराने कोणाला तरी दोन पोती परस्पर दिली असणार, असे त्यांचे म्हणणे पडले. पोरगा रडकुंडीला आला होता. मी एवढेच म्हटले की, पोती कुठेच न लिहिता गेली असती, तर दोन्ही खतावण्यांत त्यांचा पत्ता नसता आणि तफावतही दिसली नसती. एका वहीत एक आणि दुसरीत वेगळेच लिहिले गेले, तरच दोन बेरजा भांडतात. ते त्यांना पटले की नाही कोण जाणे, पण सचिवकाकांनी मला वेळ दिला.

आधीच्या दहा दिवसांची यादी जुळली होती, त्यामुळे चूक याच दहा दिवसांतली होती हे ठरले. यादीची बेरीज पुन्हा मारून पाहिली, ती बरोबर होती. मग तफावतीची दिशा पाहिली. यादीत देणे कमी दिसते, म्हणजे कोणाच्या तरी पानावर जमा कमी पडली आहे किंवा नावे जास्त पडले आहे. घाईत माणूस नुसत्या रकमेच्या मागे धावतो, पण दिशा कळली की निम्मे काम वाचते. उदाहरणार्थ, रक्कम उलट्या बाजूला लिहिली गेली तर तफावत दुप्पट होते, म्हणून 2,700 ची निम्मी रक्कम 1,350 शोधायची, असा एक जुना नियम आहे. ती पुन्हा एका पोत्याची किंमत! पण पोत्याची रक्कम नावेऐवजी चुकून जमा पडली असती, तर यादी 2,700 ने वाढली असती. इथे ती कमी झाली होती. राहता राहिली नसलेली पोती पानांवर नावे पडल्याची शक्यता. ती पाहण्यासाठी गोदामातली पोती मोजली, साठा नोंदवहीशी ताडली आणि कीर्दीतली पशुखाद्याची विक्री पानांवरच्या नोंदींशी एकेक करून मिळवली. तिन्ही ठिकाणचा आकडा एकच आला आणि पोराच्या डोक्यावरचे ओझे उतरले.

आता दुसरी कसोटी लावली. रकमेतले शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी गेले, तर येणारी तफावत नेहमी 9 ने भागली जाते. 2,700 ला 9 ने भागले की 300 येतात. यातून अंकांची जागाही कळते. हजार आणि शतक यांची अदलाबदल झाली असेल, तर तफावत त्या दोन अंकांच्या फरकाच्या 900 पट असते. इथे तो फरक 3 चा हवा. मात्र नऊने भाग जाणे म्हणजे पुरावा नव्हे, कारण दर नवव्या संख्येला तसा भाग जातोच. आधी कुठे पाहायचे, एवढेच त्यावरून ठरते.

मी बिल पत्रक घेतले आणि ज्यांच्या रकमेत हजाराचा अंक शतकापेक्षा 3 ने मोठा आहे, म्हणजे 4,1 किंवा 5,2 किंवा 6,3 अशी सुरुवात आहे, त्या नावांवर पेन्सिलीने खूण केली. सुमारे एकशे चाळीस सभासदांतून दहा-बारा नावे उरली. त्यांची पाने उघडता उघडता ओढ्यापलीकडच्या मावशींचे पान आले. पत्रकात त्यांच्या दुधाचे 5,285 रुपये होते आणि पानावर जमा होते 2,585.

ते आधी का दिसले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. मावशींनी म्हशीसाठी उचल घेतली आहे, त्यामुळे त्यांची बाकी नेहमी नावेच असते आणि यादीत ती खटकत नाही. आधीची बाकी 14,000 नावे होती. त्यात पोत्याचे 1,350 मिळाले, दुधाचे 5,285 वजा झाले आणि हप्त्याचे 1,000 कापून हातात दिलेले 2,935 मिळाले, की बाकी 13,000 यायला हवी. पानावर ती 15,700 होती. म्हणजे हप्ता भरूनही उचल वाढली होती. आमच्याकडे दिवाळीचा दूध फरक वर्षभराच्या जमा रकमेवर टक्केवारीने निघतो, म्हणजे तिथेही त्यांना तेवढ्या रकमेवरचा फरक कमी मिळाला असता.

बदली माणसाला विचारले, तेव्हा उलगडा झाला. एक जण पत्रक वाचत होता आणि दुसरा लिहीत होता. ‘बावन्नशे पंच्याऐंशी’ असा उच्चार झाला की आधी दोन ऐकू येतो आणि हात आधी दोनच लिहितो. म्हणून आता मोठ्या रकमा ‘पाच हजार दोनशे’ अशाच वाचायला सांगितल्या आहेत.

दुरुस्ती अगदी थोडी होती. कीर्द आणि बिल पत्रक बरोबर होते, म्हणून कीर्दीत काहीच करायचे नव्हते. पानावरच्या 2,585 वर जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारली, वर 5,285 लिहून सचिवांची तारखेसह सही घेतली आणि तिथून पुढची बाकी सुधारली. खाडाखोड केली की लेखापरीक्षक पहिले बोट तिथेच ठेवतात, हे तुला सांगायला नकोच.

एक गोष्ट मात्र या यादीने पकडता येत नाही. 137 नंबरच्या सभासदाची रक्कम 173 च्या पानावर गेली, तर बेरीज नेमकी जुळते आणि ज्याचे पैसे गेले तो तक्रार घेऊन येईपर्यंत कोणाला काही कळत नाही. त्यासाठी मी बिल वाटताना पानावरची जमा रक्कम त्या सभासदाच्या छापील पावतीशी समोरासमोर ताडून पाहायला सुरुवात केली आहे. रांग लांबते आणि लोक कुरकुरतात, पण मावशी मात्र आता पान पुढे करण्याआधीच आपली पावती काढून ठेवतात.

तुमच्याकडे ठेवीच्या खात्यांची यादी किती दिवसांनी जुळवतात, ते कळव.

तुझी,
आई