ओवीची वजाबाकी

प्रिय मंदे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. इकडे सगळं ठीक, ह्यांची शुगर आटोक्यात.

लिहायचं कारण ओवी. दुसरीतली पोर, वर्कशीट दप्तराच्या तळाशी कोंबून आली आणि म्हणाली, "आजी, मला गणित येतच नाही." बाईंनी ओळीने लाल फुल्या मारलेल्या. आपल्या वर्गात फळ्यासमोर कोण रडायचं ते आठवलं ना? (मी नाही, तूच. वाद नको.)

फुल्या बाजूला ठेवून मी आधी बरोबर आलेली गणितं पाहिली. ४६ वजा २३, ८५ वजा ३१. म्हणजे बिनहातच्याची सगळी बरोबर. चुकलेल्यांत ५२ वजा २७ ला ३५, ६३ वजा ४८ ला २५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून बाईसाहेबांनी सातातून दोन काढले! खात्री करायला मी ४१ वजा १९ घातलं. ३८ लिहिणार हे मनात धरलं होतं, आणि तेच लिहिलं. म्हणजे पोर धांदरट नाही गं, नियमाने चुकतेय. नुसतं 'नीट बघ' म्हणून काय उपयोग?

"कसं केलंस, सांग" म्हटलं. "मोठ्यातून छोटा वजा करायचा, बाईंनीच सांगितलंय." तिचंही खरं. मग खराट्याच्या काड्या काढल्या. दहादहाच्या पाच जुड्या रबराने बांधल्या, दोन सुट्या. "आता मला सत्तावीस दे." दोन जुड्या दिल्या, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. मी गप्प. (मी गप्प बसू शकते, हसू नकोस.) बऱ्याच वेळाने विचारते, "जुडी सोडली तर चालेल?" सोडली, पाच दिल्या, उरल्या दोन जुड्या नि पाच काड्या. मग तेच कागदावर: पाच खोडून चार, दोनाचे बारा. ३५ वर फुली मारली नाही, शेजारी २५ लिहायला लावलं आणि २७ मिळवून बघ म्हटलं. ३५ चे ६२ झाले तेव्हा स्वतःच म्हणाली, "हे खोटंय."

एका बैठकीला तीनच गणितं, पुढे तिचं लक्ष उडतं. ७० वजा ३४ मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ठेवलं, शून्याला पोरं बिचकतात. आता नवंच खूळ. ४६ वजा २३ मध्येही जुडी सोडायला निघाली! म्हणून दोन्ही प्रकार मिसळून देते आणि आधी एवढंच विचारते, "सुट्या पुरतात का?" तीन अंकी आलं की काय होईल देव जाणे. ५०३ वजा १२७ मध्ये दशकाच्या घरातच शून्य, शेजारी मागायचं कुणाकडे? शंभराची जुडी बांधायला खराटा पुरायचा नाही. तुझ्या शाळेत तिसरीला काय करायचात ते सविस्तर कळव.

तुझा गुडघा कसा आहे? सुनेचं बाळंतपण कधी? आणि माझा कंपास अजून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
सुमी